रस्ता नाही, वारस दोन

जाहिरातीत खरं तेच लिही, असं दादाच म्हणाला होता. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणेल की नसता शहाणपणा माझाच होता.

वडिलांनी पेन्शनीत निघाल्यावर मद्रासजवळ तांबरमच्या पुढे थोडी शेतजमीन घेतली होती. ते गेल्यावर ती विकायची ठरली. मी मद्रासला दादाच्याच घरी राहून शाळेत शिकवत होते. माझ्या अर्ध्या वाट्यातून स्वतःचं लहानसं बिऱ्हाड थाटायचं, वहिनीला विचारल्याशिवाय चहा टाकायचा, एवढंच माझं स्वप्न.

वर्तमानपत्रात जाहिरातीचा मथळा तेवढा ठळक छापत, आणि लोक तोच वाचत. दादा म्हणाला, "इकडच्या मापात दोन काणी लिहू, भरभक्कम वाटतं."

"काही नको. गावागावाची काणी वेगळी. खरेदीखतात दोन एकर चाळीस सेंट आहे, म्हणजे अडीच एकरालाही थोडं कमी, तेच लिहायचं."

"बरं बाई, खरं तेच लिही," दादा म्हणाला.

रस्त्याचंही तसंच. तळ्याच्या बांधापर्यंत रस्ता, पुढे शेजाऱ्याच्या शेतातून बैलगाडी, तीही सुक्या दिवसांतच. मी लिहिलं: "शेतजमीन, २ एकर ४० सेंट, स्वतःचा रस्ता नाही, खरेदीखत व पट्टा दिवंगत वडिलांच्या नावे, वारस दोन." पट्टा म्हणजे इकडचा सातबारा. दादाने कागद वर्तमानपत्रात द्यायला म्हणून खिशात घातला आणि म्हणाला, "झकास!"

रविवारी जाहिरात छापून आली. मी कौतुकाने उघडली. एकर बरोबर, रस्ता बरोबर. शेवटी मात्र "वारस एकच".

मी पान दादापुढे धरलं. "दादा, हे काय?"

"छापणाऱ्यांची चूक असेल गं," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघेना. वहिनी उगाच भांडी घासत राहिली. तिला माहीत होतं!

तेवढ्यात एक निवृत्त रेल्वे गार्ड दारात आले. हातात जाहिरातीचं कात्रण. बसता बसता दादाला तमिळमध्ये म्हणाले, "रस्ता नाही असं स्वतःहून छापणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. असा माणूस वारसाबद्दल कशाला खोटं सांगेल? म्हणून तडक आलो."

दादा हसला. मेला चक्क हसला! माझ्या खरेपणावर त्याचं खोटं विकलं जात होतं. मी कॉफी घेऊन पुढे गेले.

"ह्या कोण?" गार्डांनी विचारलं.

"ही होय?" दादा म्हणाला. "ही आमच्याकडे राहते."

बहीण म्हणायलासुद्धा त्याची जीभ वळली नाही. वारस दोन लिहिलेलं खोडलं ते मी कदाचित गिळलंही असतं. हे नाही गिळवलं.

"मी ह्यांची सख्खी धाकटी बहीण," मी म्हटलं. "रस्ता नाही हे मीच लिहिलं होतं. वारस दोन, हेही मीच लिहिलं होतं."

गार्डांनी दादाकडे पाहिलं, कात्रणाची घडी केली आणि कॉफीला हात न लावता उठले.

दार लागल्यावर दादा ओरडला, "घरातली माणसं अशी वागतात का?"

मी म्हटलं, "मी तर नुसती इथे राहते ना?"