पंख्याच्या हुकातलं पाणी

माझ्या हाताला नावं ठेवणाऱ्याला मी विसरत न्हाई. मग तो नवरा असला तरी.

आमचं गाव हिर्डोशीच्या वरच्या अंगाला. आमचे हे गवंडी. फरशी बसवायची ह्यांनी आणि फरशीखालचं पाणी अडवायचं केमिकल लावायचं म्या, अशी आमची वाटणी. वेल्ह्याच्या बाजारात एका दुकानदारानं दुमजली घर बांधलं, तिथल्या वरच्या बाथरूमला म्याच ब्रश मारला. जमीन नि भिंत मिळते तिथं सिमेंटची गोलाई केली, जाळी चिकटवली. एक हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, भिंतीला पार डोक्याच्या वरपर्यंत. मग मोरीला बूच मारून चार बोटं पाणी भरलं आणि कोळशानं रेघ ओढली. दोन दिवसांनी पाणी रेघेलाच होतं आणि खालचं छत कोरडं ठणठणीत.

फरशी बसली, वास्तुशांत झाली. महिन्याभरात खालच्या खोलीत, बरोबर मधोमध, पंख्याच्या हुकातून पाणी टिपकायला लागलं.

दुकानदार भर बाजारात चार गिऱ्हाइकांपुढं म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात ब्रश दिला की असंच व्हायचं." आमच्या ह्यांनी मान डोलावली. वर म्हणाले, "ऱ्हायली असंल तिची एखादी जागा." ह्यांचा चुलतभाऊ प्लंबर, त्या घराचे नळ त्यानंच जोडलेले. तो शेजारी तंबाखू मळत उभा होता. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.

आंबवड्याचं पुढचं काम आलं तर ह्यांनी मला घरी ठेवलं आणि केमिकलला दुसराच माणूस नेला. भाकरी बांधून दिली म्या, पण त्या दिवशी लई जळफळाट झाला. दहा वर्षं घासलेला हात एका मान डोलावण्यात मातीत गेला होता.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात होती. म्या भिंतीला ब्रश मारला तवा नळाचं तोंड एकच होतं. वास्तुशांतीला गेले तर दोन. मी बोलले न्हाई. माझं कोण ऐकणार होतं? पाण्यालाच बोलू दे म्हटलं.

दुकानदार सगळी फरशी उखडायला निघाला, तवा मी एकटीच एसटीनं वेल्ह्याला गेले. त्याला म्हटलं, "फोडायच्या आधी मला थोडे दिवस द्या. माझी चूक निघाली तर सगळं फुकट करून देते." बाथरूम बंद ठेवलं, नळाचा व्हॉल्व्ह बंद केला. आठ दिवसांत हूक सुकला. मग मोरीला बूच मारून पुन्हा चार बोटं पाणी भरलं. दोन दिवस झाले, हूक कोरडाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्या ह्यांना आणि प्लंबरला बोलवून घेतलं. दुकानदारासकट तिघांना खाली पंख्याखाली उभं केलं आणि वर जाऊन बूच काढून साठलेलं पाणी सोडून दिलं. मग बादलीतलं पाणी मगानं त्या दुसऱ्या नळाच्या बुडाशी, भिंतीवर ओतत बसले. दुपारी हुकातून थेंब पडला तो नेमका ह्यांच्या टोपीवर.

दुकानदार म्हणाला, "नळ तर कोपऱ्यात हाय, मग पाणी मधी कसं?"

म्या सांगितलं, "फरशीच्या सांध्यातनं पाणी आत जातंच. त्याला अडवतो खालचा केमिकलचा कोट. कोट फोडला की पाणी त्याच्या मागनं भिंतीतून स्लॅबवर उतरतं आणि स्लॅबमधली विजेची नळी धरून हुकाला येतं. भोक एकीकडं, गळती दुसरीकडं."

मग हातोडी प्लंबरच्या हातात दिली. "फोडा, भावजी."

त्या नळाभोवतीची फरशी निघाली. माझ्या कोटाला मधोमध पाइपासाठी झिरी, म्हंजे लांब खाच, मारलेली आणि नुसत्या सिमेंटनं लिंपलेली. तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, गिझरचा नळ मागनं ठरला. घाई होती."

"घाई होती, पण हसायला सवड होती न्हवं?"

मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? सगळी झिरी त्याच्याकडूनच खरवडून घेतली आणि पुन्हा कोट मारायची माझी मजुरी लावली, ती बी त्याच्याच खिशातून.

घरी येताना एसटीत हे म्हणाले, "चुकलं माझं."

म्हटलं, "हितं न्हाई. जिथं मान डोलावली तिथं म्हणा."

पुढच्या बाजाराला ह्यांनी दुकानापुढं, गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, "हिच्या हाताची चूक न्हवती." बारीक आवाजात म्हणाले, म्हणून म्या पुन्हा म्हणायला लावलं.

तेवढ्यानं बी माझं पोट भरलं न्हाई. आता कुठल्याबी कामावर मी बूच मारून पाणी भरलं की हे दोन दिवस खालच्या खोलीत बसतात, छताकडं मान वर करून. मान दुखती म्हणतात. म्हटलं, दुखू द्या, डोलवायची सवय तरी मोडंल.