सारिकाताईंचं टायपिंग वाजलं

लोणावळ्यात लग्नपत्रिका टाइप करून देणाऱ्या सारिकाताईंच्या नाकावर कायम राग. "तुमच्या ईमेलमध्ये नुसती चिन्हं दिसताहेत," असा पुण्याच्या छापखान्यातून फोन आला, तेव्हा त्या तडकल्याच. तिकोणा पेठेच्या श्रीपती आबांनी रचलेली भजनं ताईंनी पुस्तकासाठी जुन्या फॉन्टात टाइप करून धाडली होती. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर 'मराठी'चं ejkBh दिसणारच!

ताईंनी कन्व्हर्टरमध्ये फॉन्टचं नाव निवडून सगळा मजकूर कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाइलवर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये बदलला. भजनं नीट उतरली, पण शीर्षकांचा पार कचरा झाला. ताईंनी कपाळावर हात मारला. शीर्षकं उठून दिसावीत म्हणून त्यांनीच ती दुसऱ्या फॉन्टात घेतली होती. मग ती वेगळी काढून त्या दुसऱ्या फॉन्टाचं नाव निवडून बदलली, वेलांट्या आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासले, आणि मजकूर छापखान्याला आणि आबांनाही पाठवला.

थोड्या वेळानं आबांचा फोन आला. "सारिके, समद्यांच्या मोबाइलवर लख्ख दिसतंय बघ! पुस्तक येईल तवा येईल, आमी हितं देवळात गायलाच बसलोय."

मागे टाळ घुमत होते. ताईंनी स्पीकर लावला आणि समोर पत्रिकेसाठी घाई करणाऱ्या गिऱ्हाइकावर डोळे वटारले.

"थांबा हो जरा! माझं टायपिंग वाजतंय."