डाख मारलेली मेमरी

माझं शिक्षण चौथी. पण गिरणीत फिटर होतो, मशीनबद्दल मला कोणी शिकवू नये. नातीनं मात्र अंधेरीच्या दुकानात चारचौघांत शिकवलं. तो राग अजून उतरलेला नाही.

ती आर्किटेक्चरला आहे. पहिल्या लॅपटॉपसाठी दहा महिने जोगेश्वरीत आमच्या चाळीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. कॉलेज संपेपर्यंत तोच टिकायला हवा, दुसरा कुठून आणणार? शेवटी दोन मॉडेलं समोर आली, किंमत जवळपास सारखीच. एक धातूचं, पातळ. दुसरं काळं प्लास्टिक, विटेएवढं जाड.

मी दोन्ही ठोकून पाहिली. धातूचं घट्ट वाजलं, प्लास्टिकचं पोकळ.

"हे पातळ घे गो. प्लास्टिकला आयुष्य नसतं."

"आजोबा, ठोकून काय बघता? कलिंगड आहे का हे?"

सेल्समन दात काढून हसला. "अंकल बरोबर बोलतायत मॅडम. हेच घ्या."

"दोन्हींत मेमरी आठ जीबी," ती म्हणाली. "आत्ता भागेल. पुढं इमारतीचं थ्रीडी मॉडेल फिरवायला सोळा लागेल. यात वाढवता येईल?"

"कधी पण वाढवा ना!"

"मग बिलावर लिहून द्या."

"तसं लिहीत नाही आम्ही."

"माणूस तोंडानं सांगतोय ना!" मी ओरडलो. "एवढा अविश्वास? घरी हेच शिकवलं तुला?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. धातूच्या लॅपटॉपवर तीन बटणं एकदम दाबली, आतल्या भागांची माहिती दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर गेली. इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून म्हणाली, "चिप्सची रांग, असं लिहिलंय. म्हणजे मेमरीची सुटी पट्टी नाही, चिप्स बोर्डालाच डाख मारून, सोल्डर करून बसवल्यात. घेतली तेवढीच मेमरी, जन्मभर." मग जाड्याकडं वळली. "इथं दोनपैकी एक स्लॉट वापरलाय. दुसरा रिकामा. पैसे जमले की आठची पट्टी घालायची."

सेल्समन म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं?"

डाख म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. आयुष्यभर मारलाय. सुटा भाग बदलता येतो, डाख मारलेला उपटायला गेलं तर खालचं पण जातं. पोरगी बरोबर होती, ते मला तिथंच कळलं. पण तो दात काढणारा समोर उभा होता. त्याच्यासमोर मान हलवू?

"कर तुझ्या मनाचं," म्हटलं. "मला विचारू नको पुन्हा."

"विचारलं कुठं होतं?"

तिनं जाडा घेतला. मी पिशवीला हात लावला नाही. बसस्टॉपपर्यंत ते ओझं तिनं एकटीनं नेलं, या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत. मी चार पावलं पुढं चालत होतो.

स्टॉपवर ती म्हणाली, "आजोबा, घरी बाबांना काय सांगणार?"

"सांगेन, पोरीनं पाहून घेतलाय."

"आणि तुम्ही?"

"त्या पातळ्याचं काढू नको. मी गप्प बसलो होतो म्हणून सांग," म्हटलं, आणि बस आली तसा आधी चढलो.