खाडाखोड नसलेला तक्ता

आमच्या सरांना सगळे मागून 'टापटीप' म्हणतात. कॉम्प्युटर शिकवायला लागायच्या आधी ते टायपिंगच्या क्लासात शिकवायचे, आणि तिथून खाडाखोडीचा तिटकारा घेऊनच इथे आले. माणूस सोन्यासारखा, हो. पण मी बारा वर्षं त्यांच्या लॅबमध्ये मदतनीस आहे, मला विचारा!

यंदा एका बसड्रायव्हरच्या मुलीने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्रॅम केला. पोरीला नोकरी ठरलेली, फक्त पास व्हायचं बाकी. अहवालात तिने चाचण्यांचा तक्ता दिला होता. चौदाव्या चाचणीत दोन जणांनी एकच वेळ मागितली आणि दोघांनाही ती मिळाली. समोर 'फेल', मग चूक कुठे होती, काय बदललं, आणि पुन्हा करून 'पास'. अशा पाच चाचण्या.

सर म्हणाले, "अगं बाळ, आपलं अपयश कशाला मिरवतेस? शेवटी चालतंय ना? तेवढंच ठेव."

तिने काढलं. सरांचा शब्द तिला बापाच्या शब्दासारखा. बावीस चाचण्या, बावीस पास, कसा चकचकीत तक्ता! सरांनी चाचण्यांच्या भागाला वीसपैकी सतरा दिले.

मग बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. मी चहा ठेवत होते. डेटाबेस न वापरता साधी फाइल का वापरली, तर दवाखान्याचा कॉम्प्युटर जुना आणि त्यावर बसून नंबर लावणारी बाई एकच, हे पोरीने लिहिलेलं वाचून बाई खूश झाल्या. "निवडीची कारणं फार छान दिलीत," म्हणाल्या. पण चाचण्यांचं पान आलं आणि पेन थांबलं.

"बावीसच्या बावीस पहिल्या झटक्यात पास? काय बिघडलं, कसं सुधारलं, एक ओळ नाही. चाचणी खरंच केली हे मी कशावरून धरू?" वीसपैकी पाच. प्रत्येक भागात पास व्हायला आठ लागतात आणि दोघांच्या गुणांत एवढा फरक असला की बाहेरचेच गुण धरतात.

सर धावत जाऊन जुना मसुदा घेऊन आले. "माझी चूक आहे हो. मीच काढायला लावलं."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," बाई हळूच म्हणाल्या, "पण गुण जमा केलेल्या अहवालालाच देता येतात."

निकालाच्या दिवशी पोरगी स्टाफरूमच्या दारात आली. नोकरी गेली होती. वाटलं, आता तरी बोलेल, आरडाओरडा करेल. मी तर तिच्या जागी टेबल उलथवलं असतं.

तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "सर, पुढच्या वर्षीच्या अहवालात काय लिहू, ते सांगा ना."

ती पेन धरून तशीच उभी राहिली.