मागच्या साली नाकारलेली नात

वसमतच्या हळद कंपनीने माझ्या नातीला नको म्हटलं, तेव्हा माझा लेक, म्हणजे तिचा बाप, आठ दिवस पारावर गेला नाही. लोक काय विचारतील, म्हणून. लोकांना ती मुलाखतीला गेली होती हेच माहीत नव्हतं.

जागा प्रयोगशाळेतली होती, आलेली हळद तपासायची. नात शेतीची पदवी घेतलेली. साहेबाने विचारलं, शंभर पोती आली तर नमुना कसा घेशील? ही म्हणाली, वरच्या पोत्यातून मूठभर. चार वर्षं शिकून हे उत्तर. पुढे कंपनीचा मेल आला, सध्या हाताने काम केलेला माणूस हवा आहे, वर्षभराने पुन्हा अर्ज करू शकता. बापाने 'नको' तेवढं वाचलं. पुढचं वाचलंच नाही.

नातीने मात्र वाचलं होतं. ती जवळा बाजारच्या एका गोदामात कामाला लागली. नऊ महिने पोती उघडली, हळदीतला ओलावा मोजला, पिवळी होऊन घरी आली. उशीच्या अभ्र्यांवरचे डाग अजून निघाले नाहीत.

वर्ष झालं आणि तीच जागा पुन्हा निघाली. लेक म्हणाला, "नकार आलेल्या घरी पुन्हा पोरगी दाखवतेत व्हय?"

"दाखवायची न्हाई, कामाला लावायची हाय," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्याचंच डोकं चाललं. मोडलेल्या सोयरिकीतला पोरीच्या माहितीचा कागद मधला माणूस नव्याने लिहून त्याच घरी पाठवतो, तसं करायचं. नवा मोबाइल नंबर, नवा मेल. फॉर्मवर विचारलं होतं, पूर्वी अर्ज केला होता का? तिथे 'नाही' लिहायचं.

"अन् मुलाखतीत त्योच साहेब बसला तर?" मी विचारलं.

"वर्षाला हजार पोरं पाहतेत ते, माय. कोण ध्यानात ठेवतं?"

"नाव बदललं का हिचं? जन्मतारीख? पदवीचा कागद?"

नात हसली. बाप म्हणाला, "तुमी दोघी मिळून माझं नाक कापा."

नातीने फॉर्मवर 'होय' लिहिलं. जुनाच नंबर ठेवला. 'होय' लिहिलं की वर्षभरात काय बदललं ते सोबतच्या पत्रात लिहायचं होतं. ते पत्र तिने मला वाचून दाखवलं. आपली नामांकित कंपनी, माझं लहानपणापासूनचं स्वप्न, वडील कष्टकरी, घरी वृद्ध आजी.

"मी मागच्या साली तरणी होते का?" मी म्हटलं. "ते काय विचारून राहिले? वर्षात काय बदललं? माझं काहीच बदललं न्हाई. मला काढ."

"मग काय लिहू, आज्जी?"

"तवा काय येत न्हवतं अन् आता काय येतं, तेवढंच."

न येणारं लिहायला जड जातं. शेवटी लिहिलं ते असं. मागच्या वर्षी याच जागेसाठी मुलाखत दिली होती, नमुन्याच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं. त्यानंतर नऊ महिने गोदामात काम केलं. आता वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून नळी घालून हळद काढते, एकत्र करून मग ओलावा मोजते आणि वहीत नोंदवते. खाली गोदामाच्या व्यवस्थापकाचा नंबर, त्याला विचारून.

मुलाखतीला साहेब तोच निघाला. समोर मागच्या वर्षीचा कागद उघडा. त्यात हिचं 'मूठभर' लिहून ठेवलेलं. त्याने तेच विचारलं, शंभर पोती आली तर? हिने सांगितलं. वर हेही सांगितलं, की तळाची हळद ओली निघाली म्हणून एकदा अख्खी गाडी परत पाठवायला लावली, आणि गाडीवाल्याने काय शिव्या दिल्या. शिव्या गाळून सांगितलं म्हणते. साहेबाने गोदामात फोन लावला. तिथून बराबर तेच ऐकायला मिळालं.

आठ दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. लेक पारावर जाऊन सांगून आला, "मीच म्हटलं पोरीला, पुन्हा अर्ज कर." येताना अर्धा किलो पेढे आणले. डबा फोडणार तेवढ्यात नातीने पत्र पुढे वाचलं, पहिले सहा महिने काम पाहतील, मग कायम करतील.

"म्हंजी पक्की न्हाई अजून?"

"न्हाई, बाबा. काम दाखवावं लागंल."

त्याने डबा पुन्हा बांधला आणि फळीवर ठेवला. सहा महिन्यांनी वाटू म्हणाला. मी डबा उतरवला. तेवढ्या दिवसांत पेढ्यांना बुरशी येते, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन मी खाल्ले, चार नातीने खाल्ले. ती सोमवारी वसमतच्या गाडीत बसली तेव्हा लेकही खातच होता.