पुटपुटणारे हात

आमच्या वहिनीला कुणी कलाकार म्हटलं की तिचं डोकं फिरतं. "कसली कलाकार? धोबीण आहे मी," म्हणते. "लोकांच्या जुन्या टेपा घेते, डाग काढते, घडी करून परत देते." यातलं 'घडी करून' तेवढं खरं. घरातली तिची कपाटं उघडली तर अंगावर ढीग कोसळतो, पण दुकानाच्या मागच्या खोलीत एक वायरसुद्धा वाकडी सापडायची नाही.

दुकान मूळ माझ्या मोठ्या भावाचं. तो समारंभांचं शूटिंग करायचा. हजारो लोकांना त्याने टेपवर धरलं आणि स्वतः मात्र कुठेच नाही. एखाद्या टेपेत खोकला ऐकू येतो, तेवढाच तो. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, सामान विकून टाका. वहिनी म्हणाली, "बघू." ही बाई 'बघू' म्हणाली की ब्रह्मदेवाने समजावं, विषय संपला. सामान राहिलं, वहिनी मागच्या खोलीत बसली आणि मला पुढे काउंटरवर बसवलं. माझ्या तोंडाचा फटकळपणा तिला माहीत होता, पण दुसरं कोण मिळणार होतं?

तिचं काम सांगायला सोपं आहे. टेप चालवून आधी कॉम्प्युटरवर उतरवायची. मग एकेक पायरी: आडव्या रेघांचे दाते काढायचे, मुंग्यांसारखी हलणारी खरखर कमी करायची, अंधार उजळायचा, शेवटी चित्र मोठं करायचं. प्रत्येक पायरीनंतर फाइल सेव्ह होते, आणि सगळी गोम तिथे. मधली फाइल 'लॉसलेस' करायची हा तिचा नेम. म्हणजे उघडल्यावर एकेक ठिपका होता तसाच परत मिळतो. या फाइली भल्यामोठ्या होतात. जागा कमी असली तर 'जवळजवळ लॉसलेस'. त्यात किंचित काहीतरी जातं, पण पुढच्या पायरीला ते बाधत नाही. आपण फोनवर पाठवतो तसली दाबून बारीक केलेली फाइल फक्त अगदी शेवटी, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला. मी एकदा म्हटलं, "वहिनी, डोळ्यांना तर दोन्ही सारखंच दिसतं." ती म्हणाली, "भावोजी, डोळ्यांना फसवायलाच तर ती बनवलीय. पण पुढच्या पायरीला डोळे नसतात. तिला दिलेलं सगळंच ती खरं मानते."

एवढं पक्कं ज्ञान असलेल्या बाईकडून ती चूक झाली. म्हणून तर अजून जिवाला लागतं.

एक दिवस एक म्हातारे सुतारकाका दुकानात आले ते लेकीचा दंड धरून. जन्मापासून ऐकू न येणारे, आणि आता नजरही चाललेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलीय तेवढी हळूहळू जाणार, थांबवता येणार नाही. लेकीला ऐकू येतं. आईवडिलांची हातांची भाषा ती बोलायला लागायच्याही आधी शिकली. तिने एक छोटी कॅमेऱ्याची टेप काउंटरवर ठेवली.

"आई आहे यात," ती म्हणाली. "मी लहान होते. बाबांनी नवीन कॅमेरा आणला होता. आई खिडकीत उभी राहून काहीतरी बोलली, हातांनी. बाबांना तेव्हा नीट कळलं नाही."

"का नाही कळलं?" मी विचारलं. नसत्या चौकशा करायची सवय माझी.

"कॅमेऱ्याच्या त्या बारक्या भोकातून काय दिसणार? आणि त्यांचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले, मग परत विचारणार कसं? नंतर विचारलं तर आई हसली. म्हणाली, टेपवर बघ." लेकीने टेप माझ्याकडे सरकवली. "त्याच वर्षी आई गेली. बाबांनी टेप कधी लावलीच नाही. हिंमत झाली नाही. आता नजर जायच्या आत बघायचंय म्हणतात."

काकांनी तिचा हात हलवला आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून दोन बोटं जवळ आणली. थोडंच उरलंय. तेवढी भाषा मलाही कळली.

टेप उतरली. बुरशी होती, पण चालली. मात्र बाई खिडकीत उभी, पाठीमागे लख्ख उजेड, त्यामुळे चेहरा आणि हात काळोखात, आणि त्या काळोखात खरखर वळवळणारी. काकांना नुसती सावली दिसली. लेकीने स्क्रीनला नाक लावून पाहिलं. "कॅमेरा... असं काहीतरी म्हणतेय. पुढचं नाही लागत." वहिनी म्हणाली, "उजळून, मोठं करून देते. लवकर देते."

त्या 'लवकर'ने घात केला. डिस्क गच्च भरलेली होती, एका शाळेच्या जुन्या टेपांनी. मूळ उतरवलेली फाइल कुणाचीही असो, काम संपेपर्यंत पुसायची नाही हा तिचा दुसरा नेम, त्यामुळे जागा करायला वाव नव्हता. नवी डिस्क यायला वेळ लागणार होता. माणसाची नजर रोज विझतेय आणि आपण डिस्कची वाट बघत बसायचं? म्हणून तिने मधल्या फाइली दाबून सेव्ह केल्या, दर्जाचा काटा सगळ्यात वर ठेवून. प्रत्येक पायरीला तिने आधीची आणि नंतरची फाइल शेजारी लावून पाहिली. फरक दिसला नाही. पहिली आणि शेवटची मात्र शेजारी लावली नाही.

दोघांना बोलावून दाखवलं. चित्र काय सुंदर झालं होतं! बाईचा चेहरा उजळला, गालावरची खळी दिसली, केसांची बट कपाळावर. लेक ओक्साबोक्शी रडायला लागली. मीही रुमाल काढला, खोटं कशाला बोलू. काका मॉनिटरच्या अगदी जवळ बसले होते, डोकं इकडेतिकडे फिरवत, जेवढ्या कवडशात दिसत होतं तेवढ्यात बायकोला शोधत. चेहऱ्यावर आले आणि हसले. मग हातांवर आले. पुन्हा लावायची खूण केली. पुन्हा पाहिलं. मग लेकीकडे वळून हळूच काहीतरी म्हणाले.

लेकीचं रडणं थांबलं. "बाबा म्हणतात, ती पुटपुटतेय."

"म्हणजे?"

"हात पुटपुटताहेत. बोटं एकमेकांना चिकटलीत. ती कधीच अशी बोलायची नाही, तिचे हात फार स्पष्ट होते."

वहिनीने चित्र थांबवून पाहिलं. बोटांच्या जागी गुळगुळीत हातमोजा होता. चारातली दोन बोटं कुठे संपतात ते कुणालाच सांगता आलं नसतं. तिचा चेहरा पडला. मान खाली घालून ती म्हणाली, "माझी चूक आहे. मूळ फाइल आहे माझ्याकडे. पुन्हा करते."

काका गेल्यावर तिने मला आत बोलावलं. एक पायरी पुन्हा करून तिने ती दोन प्रकारांनी सेव्ह केली होती. लॉसलेस फाइल सेव्ह करण्याआधीच्या चित्रावर ठेवून वजाबाकी केली, म्हणजे जेवढा फरक तेवढाच पडद्यावर उरतो. पडदा पूर्ण काळा. काहीच हरवलेलं नाही. मग दाबलेली फाइल तशीच वजा केली आणि उरलेलं डोळ्यांना दिसावं म्हणून उजळलं. काळ्या पडद्यावर दोन हात उमटले. बाकी चित्र जवळजवळ रिकामं. हात मात्र होते, बोटं हलत होती.

"अंधारातलं आणि वेगाने हललेलं, तिथेच ही दाबलेली फाइल काटकसर करते," वहिनी म्हणाली. "कुणाला दिसणार नाही म्हणून. मग मी अंधार उजळला, आणि तिने बारकाव्यांच्या जागी भरलेले चौकोन वर आले. ते पुन्हा दाबले. मग मोठं करणाऱ्या पायरीने त्या चौकोनांनाच बोटं समजून रंगवलं." तिने पडद्यावरच्या त्या हातांकडे बोट दाखवलं. "भावोजी, मी त्या बाईचा चेहरा ठेवला आणि बोलणं फेकून दिलं."

मी काहीतरी विनोद करायला गेलो. जमला नाही.

नवी डिस्क आली. या वेळी तिने घाई केली नाही. सबंध टेपेच्या मधल्या फाइली जवळजवळ लॉसलेस ठेवल्या आणि खिडकीतला तो तुकडा शेवटपर्यंत लॉसलेस. खरखर थोडी राहू दिली; ती पुसताना बोटंही पुसली जातात. दर पायरीला आधीच्या फाइलशीच नाही, मुळाशी ताडून बघायची. आमचं जुनं मशीन त्या अवजड फाइली ओढताना बैलासारखं धापा टाकायचं. आठवडे गेले. लेक फोन करायची, तिच्या आवाजातली घाई एकदा अचानक कमी झाली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण वहिनीला मी बोललो नाही.

काम झालं तेव्हा ते दोघं आले. या वेळी काका लेकीचा दंड धरून नव्हते, लेकच त्यांचे दोन्ही हात धरून उलटी चालत त्यांना आत आणत होती. खुर्चीत बसले तर तोंड मॉनिटरकडे नाही, दाराकडे.

वहिनी उभीच राहिली. "काहीच नाही का?" तिने विचारलं.

"उजेड कळतो," लेक म्हणाली. "बस." मग घाईने म्हणाली, "तुमच्यामुळे नाही हो. नजर जाणारच होती."

"पण त्या दिवशी होती ना," वहिनी म्हणाली.

लेकीने वडिलांचे तळवे स्वतःच्या हातांवर ठेवून घेतले. आता ते असेच ऐकतात, हातांवर हात ठेवून. वहिनीने तुकडा लावला.

खिडकीत ती बाई उभी होती. चित्र पहिल्याइतकं गोंडस नव्हतं, थोडी खरखर होती. पण दहा बोटं दहा होती. लेक स्क्रीनकडे बघत होती आणि तिचे हात आईच्या हातांमागून चालत होते, त्यावर वडिलांचे हात. आईला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ती वाक्यं त्या म्हाताऱ्या तळव्यांत पोचत होती. लेक आमच्यासाठी तोंडानेही बोलली, अडखळत:

"कॅमेरा खाली ठेव. सकाळपासून हात अडकलेत तुझे. हात मोकळे कर. माझ्याशी बोल."

संपलं. बाई हसली आणि तिथेच वहिनीने चित्र थांबवलं.

काकांनी लेकीच्या हातांवरून आपले हात हळूच काढून घेतले, छातीसमोर धरले, आणि बोलायला लागले. सुतारकामाने सुजलेली, वाकडी झालेली बोटं, पण काय वेगाने चालत होती! लेकीने आम्हाला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते आमच्यासाठी नव्हतंच.

ते दाराकडे तोंड करून बोलत होते. त्यांना वाटत होतं बायको तिकडे आहे. लेक त्यांना वळवायला उठली, तर वहिनीने तिला खुणेने थांबवलं. तिने मॉनिटर उचलला आणि त्यांचं तोंड होतं तिकडे, त्यांच्या समोर नेला. ठेवायला तिथे काही नव्हतं आणि वायर आखूड होती, म्हणून त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो हातात धरून उभी राहिली.