छतावरची पेन्सिलची रेघ

परभणीतला आमचा वरच्या मजल्याचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा एजंट माहिती लिहून घ्यायला आला. उजेडाचं मी सांगितलं, दोन्हीकडून खिडक्या आहेत, दिवेलागणीपर्यंत दिवा लावावा लागत नाही. त्यानं पूर्ण गच्ची वापराची म्हणून लिहिली. मी खोडायला लावलं. अर्ध्यात पाण्याच्या टाक्या आहेत. बाज टाकता येते ती उरलेल्या अर्ध्यात.

मग त्याला बेडरूमच्या छतावरचा डाग दिसला. "काकू, रंग मारून टाका. गिऱ्हाईक बिचकतं."

माझं डोकंच फिरलं. उन्हाळ्यात हिरवी नेट बांधायला ह्यांनीच गच्चीत भोकं पाडून पाइप रोवले होते. कोबा फुटला, पाणी झिरपलं. नवा कोबा केला, गच्चीत पाणी साठवून पाहिलं, तरी ह्यांना भरवसा नव्हता. स्टुलावर चढून त्यांनी डागाभोवती पेन्सिलनं रेघ ओढली. पुढं अंथरुणाला खिळले, तरी प्रत्येक पावसानंतर पडल्या पडल्या सांगायचे, "रेघेच्या आतच हाय."

"लिही," मी म्हटलं, "जुनी गळती, दुरुस्त केलेली. तीन पावसाळे कोरडे."

"तिन्ही कोरडेच गेले, काकू? कशावरून?"

दोन ह्यांनी पाहिले. तिसरा मी, ह्यांच्या जागेवर झोपून.